हॉटेलनं कार्डावरचे पैसे कापलेत की फक्त अडवलेत? हा फरक कळला नाही तर हप्ता बाउन्स होऊ शकतो

शाहूपुरीत माझ्या काकांचं स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. गेल्या वर्षी माल बघायला ते दोन रात्रींसाठी बंगळुरूला गेले होते. परत आले, दुकान उघडलं आणि दोनच दिवसांत मला फोन आला, "पोरी, जरा दुकानात ये. हॉटेलवाल्यानं दोनदा पैसे कापलेत बघ."

मोबाईलवर खरोखरच दोन मेसेज होते. एक ३ तारखेचा, १०,००० रुपयांचा. दुसरा ५ तारखेचा, ७,८६० रुपयांचा. दोन्ही त्याच हॉटेलच्या नावानं. पण हातातलं बिल एकच होतं, ७,८६० रुपयांचं. त्यातच ७ तारखेला टेम्पोच्या कर्जाचा हप्ता बाउन्स झाला होता, खात्यात पैसे कमी पडले म्हणून.

काकांनी हॉटेलला फोन लावला. तिथला माणूस शांतपणे म्हणाला, "सर, आम्ही ७,८६०च घेतलेत." काकांना वाटलं हा सरळ खोटं बोलतोय.

पण तो खोटं बोलत नव्हता. हॉटेलनं ७,८६०च घेतले होते. बाकीचे १०,००० रुपये कुणीच घेतले नव्हते, ते काकांच्याच खात्यात होते. फक्त काकांना ते वापरता येत नव्हते.

हा काय प्रकार आहे, तो नीट समजून घेऊ. कारण हीच गोष्ट परदेशातल्या पेट्रोल पंपावर होते, आणि आता यूपीआयमध्येही येते आहे.

कार्ड स्वाइप केल्यावर नेमकं काय होतं?

आपल्याला वाटतं कार्ड मशीनमध्ये घातलं, पिन टाकला, पैसे गेले. प्रत्यक्षात हे काम दोन टप्प्यांत होतं.

पहिला टप्पा मंजुरीचा. हॉटेलचं मशीन त्याच्या बँकेला विचारतं, ती बँक व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांच्या नेटवर्कमार्फत तुमच्या बँकेला विचारते, "या कार्डावर १०,००० रुपये आहेत का?" तुमची बँक खातं बघते, हो म्हणते आणि सहा अक्षरी-आकडी मंजुरी क्रमांक परत पाठवते. हे सगळं काही सेकंदांत होतं. हो म्हणताना बँक तेवढी रक्कम बाजूला काढून ठेवते, म्हणजे तुम्ही ती दुसरीकडे खर्च करू शकत नाही. पण अजून एक रुपयाही हॉटेलकडे गेलेला नसतो.

दुसरा टप्पा वसुलीचा. दुकानदार दिवसाच्या शेवटी मशीनवरचे सगळे व्यवहार आपल्या बँकेकडे पाठवतो. मग तुमच्या बँकेकडून त्याच्या बँकेकडे खरोखर पैसे जातात. यालाच पैसे कापले जाणं म्हणायचं.

लक्ष्मीपुरीत तुम्ही किराणा घेता तेव्हा हे दोन्ही टप्पे लागोपाठ होतात. रक्कम आधीच ठरलेली असते, दुकानदार 'सेल' दाबतो, काम संपतं. त्यामुळे मध्ये एक टप्पा होता हे आपल्याला कधी जाणवतही नाही.

हॉटेलमध्ये मात्र अडचण असते. तुम्ही आत शिरता तेव्हा शेवटचं बिल किती होणार हे हॉटेललाही माहीत नसतं. तुम्ही एक दिवस जास्त राहाल, खोलीत जेवण मागवाल, कपडे धुवायला द्याल. म्हणून हॉटेल आधी फक्त पहिला टप्पा करून घेतं. खोलीचं भाडं आणि वर थोडी रक्कम, एवढ्याची मंजुरी. याला प्री-ऑथ म्हणतात, आणि आपल्या बाजूनं बघितलं तर हा होल्ड असतो. निघताना खरं बिल झालं की दुसरा टप्पा.

आयपीओला अर्ज केलाय? मग हे तुम्हाला माहिती आहे

आयपीओसाठी अर्ज करताना खात्यातली रक्कम ब्लॉक होते. शेअर लागला तर तेवढे पैसे जातात, नाही लागला तर ब्लॉक निघतो. तोपर्यंत पैसे तुमच्याच खात्यात असतात. या पद्धतीला अस्बा म्हणतात, आणि १ जानेवारी २०१६ पासून सेबीनं ती सार्वजनिक विक्रीत सगळ्यांसाठी सक्तीची केली. त्याआधी अर्जासोबत चेक जायचा, पैसे खरोखर जायचे आणि शेअर लागला नाही तर परताव्याची वाट बघत बसावं लागायचं.

हॉटेलचा होल्डही तसाच आहे. फरक एवढाच की आयपीओत ब्लॉक कधी निघणार याचं वेळापत्रक ठरलेलं असतं. हॉटेलच्या होल्डमध्ये ते बऱ्याच अंशी रिसेप्शनवरचा माणूस कुठलं बटण दाबतो यावर अवलंबून असतं.

काकांच्या बाबतीत नेमकं काय चुकलं?

आता आकडे मांडून बघू.

३ तारखेला काकांच्या खात्यात ३१,४०० रुपये होते. खोलीचं भाडं कर धरून दिवसाला ३,५०० म्हणजे दोन रात्रींचे ७,००० रुपये. त्यावर जेवणखाणासाठी म्हणून ३,००० धरून हॉटेलनं १०,००० रुपयांचं प्री-ऑथ केलं. काकांनी डेबिट कार्ड दिलं होतं, पिन टाकला. खात्यात वापरण्याजोगे उरले २१,४००.

५ तारखेला निघताना बिल झालं ७,८६०. इथे रिसेप्शनवरच्या माणसानं मशीनमध्ये आधीचं प्री-ऑथ उघडून त्यावरच 'कम्प्लिशन' करायला हवं होतं. म्हणजे आधी मंजूर झालेल्या १०,००० मधूनच ७,८६० गेले असते आणि उरलेले २,१४० मोकळे झाले असते. खात्यात २३,५४० राहिले असते. ७ तारखेचा १४,२०० रुपयांचा हप्ता आरामात गेला असता.

पण त्यानं काकांना पुन्हा कार्ड मागितलं, नवीन 'सेल' केला आणि पुन्हा पिन टाकायला लावला. मशीनच्या दृष्टीनं हा पूर्ण वेगळा व्यवहार. त्याचा आधीच्या प्री-ऑथशी काही संबंध नाही. त्यामुळे २१,४०० मधून ७,८६० गेले आणि उरले १३,५४०. जुने १०,००० तसेच अडकून.

७ तारखेला कर्ज कंपनीनं १४,२०० मागितले. उपलब्ध १३,५४०. फक्त ६६० रुपये कमी. हप्ता परत गेला. बँकेनं दंड लावला ५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ५९०. कर्ज कंपनीचा उशिराचा आकार वेगळाच.

१२ तारखेला होल्ड आपोआप निघाला. १०,००० परत दिसायला लागले. हॉटेलनं एक रुपया जास्त घेतला नव्हता, बँकेनंही पैसे खाल्ले नव्हते. तरी काकांचे ५९० गेले ते गेलेच.

म्हणजे होल्ड आणि कापणं यात फरक आहे हे खरं, पण 'पैसे कुठं जात नाहीत, येतील परत' एवढ्यावर विषय संपत नाही. डेबिट कार्डावरचा होल्ड जितके दिवस असतो तितके दिवस ते पैसे नसल्यासारखेच असतात.

क्रेडिट कार्ड दिलं असतं तर?

तर हा त्रास झाला नसता. क्रेडिट कार्डावर होल्ड लागतो तेव्हा तुमचे स्वतःचे पैसे अडकत नाहीत, बँकेनं दिलेली उधारीची मर्यादा अडकते. ५०,००० ची मर्यादा असेल तर १०,००० च्या होल्डनंतर ४०,००० वापरायला उरते. बचत खात्याला धक्का लागत नाही, म्हणून हप्ता, विजेचं बिल, विम्याचा हप्ता हे सगळं वेळेवर जातं.

होल्डवर व्याज लागत नाही आणि महिन्याच्या बिलातही तो येत नाही, कारण बिलात फक्त खरोखर वसूल झालेले व्यवहार येतात. मर्यादा लहान असेल तर मात्र अडचण होते. २०,००० च्या मर्यादेत १०,००० अडकले आणि बिलाचा नवीन सेलही झाला तर पुढच्या गावात कार्ड नाकारलं जाऊ शकतं.

मोठी हॉटेलं प्री-ऑथसाठी क्रेडिट कार्डच मागतात, त्यात पाहुण्याचीही सोय आहे. तुमच्याकडे दोन्ही कार्डं असतील तर होल्डसाठी क्रेडिट कार्ड द्या. बिल हवं तर निघताना दुसऱ्या मार्गानं भरता येतं. पण मग आधीचं प्री-ऑथ रद्द करून घ्यायला विसरायचं नाही.

होल्ड आहे की कापलेत, ओळखायचं कसं?

मेसेजवर जाऊ नका. पहिली चूक तिथेच होते. काही बँका होल्डचा मेसेजही कापल्याच्याच भाषेत पाठवतात. शिवाय डेबिट कार्डाच्या बाबतीत काही बँका खात्यावर नुसता लिन लावतात, तर काही बँका सरळ खात्यातून रक्कम वजा दाखवतात आणि नंतर उलटी नोंद करून परत जमा करतात. मेसेज वाचून यातलं काय झालंय ते कळत नाही.

त्यापेक्षा मशीनमधून निघालेली पावती बघा. त्यावर व्यवहाराचा प्रकार छापलेला असतो. SALE लिहिलं असेल तर पैसे कापले. PRE-AUTH असेल तर होल्ड. COMPLETION असेल तर आधीच्या होल्डमधून बिल वसूल झालं. VOID म्हणजे व्यवहार रद्द. काकांकडे दोन पावत्या होत्या, पहिलीवर PRE-AUTH आणि दुसरीवर SALE. तिथेच उत्तर होतं, पण आपण पावतीवरची रक्कम बघतो आणि चुरगळून टाकतो.

दुसरी खूण बँकेच्या अॅपमध्ये सापडते. तिथे अनेकदा दोन आकडे असतात, एक खात्यातली शिल्लक आणि दुसरा उपलब्ध शिल्लक. लिन लागला असेल तर पहिला आकडा मोठा आणि दुसरा छोटा दिसतो. मधला फरक म्हणजे अडवलेली रक्कम. पासबुक भरून आणलं तर त्यात लिनची ओळ छापली जात नाही, कारण पैसे खात्यातून गेलेलेच नसतात. क्रेडिट कार्डाच्या अॅपमध्ये असा व्यवहार 'पेंडिंग' म्हणून वेगळा दाखवतात.

मग पेट्रोल पंपावर काय होतं?

आपल्याकडच्या पंपावर सहसा होल्ड लागत नाही. कारण साधं आहे. आपल्याकडे पेट्रोल भरणारा माणूस असतो. तो विचारतो "कितीचं?", भरतो, काट्यावर आकडा दिसतो, आणि मग तेवढ्याच रकमेचा सेल मशीनवर करतो. रक्कम आधीच पक्की असल्यामुळे मंजुरी आणि वसुली वेगळी करायची गरजच पडत नाही.

तरीही पंपावरच्या कार्ड व्यवहारात दोन गोष्टींमुळे गोंधळ होतो, आणि दोन्हींचा होल्डशी संबंध नाही.

पहिली गोष्ट सरचार्जची. क्रेडिट कार्डानं पेट्रोल भरलं की साधारण १ टक्का सरचार्ज लागतो. २,००० चं पेट्रोल भरलं तर २० रुपये आणि त्यावर जीएसटी ३ रुपये ६० पैसे. बऱ्याच कार्डांवर ठरावीक रकमेच्या टप्प्यात हा सरचार्ज माफ असतो, मग २० रुपये नंतर परत जमा होतात. जीएसटीचे ३.६० मात्र बहुतेक वेळा परत येत नाहीत. बिलात आधी वाढीव रक्कम आणि नंतर परतावा दिसतो, त्यामुळे हा होल्ड होता असं वाटतं. पण ही खरी आकारणी आणि खरा परतावा आहे.

दुसरी गोष्ट फसलेल्या व्यवहाराची. मशीनला रेंज नाही, पावती आली नाही, तो म्हणतो "परत स्वाइप करा", आणि तुमच्या मोबाईलवर मात्र पहिल्या वेळचा मेसेज आलेला असतो. अशा वेळी रिझर्व्ह बँकेचा नियम स्पष्ट आहे. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, खात्यातून पैसे गेले पण दुकानात पावती निघाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत बँकेनं ते आपणहून परत करायचे. उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकानं न मागता.

इथे एक गल्लत होते. 'पाच दिवसांत पैसे परत, नाहीतर रोज १०० रुपये' हा नियम सोशल मीडियावर सरसकट फिरतो आणि लोक तो हॉटेलच्या होल्डलाही लावतात. पण हा नियम फसलेल्या व्यवहारासाठी आहे. हॉटेलचं प्री-ऑथ फसलेलं नसतं. ते यशस्वी झालेलं असतं, पावतीही निघालेली असते. म्हणून काकांनी बँकेत जाऊन १०० रुपये रोज मागितले तेव्हा बँकेनं नाही म्हटलं, आणि ते बरोबर होतं.

अमेरिकेतल्या पंपावर १७५ डॉलर कसे अडकतात?

कोल्हापुरातली कितीतरी घरं अशी आहेत जिथला मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत आहे आणि आईवडील सहा महिने तिकडे जाऊन येतात. त्यांच्यासाठी हा भाग महत्त्वाचा.

तिकडे बहुतेक राज्यांत पेट्रोल स्वतः भरायचं असतं. आधी पंपालाच कार्ड लावायचं, मग नळी उचलायची. आता पंपाच्या बाजूनं विचार करा. तुम्ही १० डॉलरचं भराल की ९० डॉलरचं, हे त्याला माहीत नाही, आणि भरून झाल्यावर तुम्ही निघून जाल. म्हणून तो आधी मंजुरी घेतो. कधी ही मंजुरी फक्त १ डॉलरची असते, कार्ड चालू आहे का एवढंच बघायला. कधी मोठ्या रकमेची असते. २०२२ मध्ये तिकडे पेट्रोल महागलं तेव्हा व्हिसा आणि मास्टरकार्डनं ही वरची मर्यादा १२५ डॉलरवरून १७५ डॉलर केली.

समजा आईच्या फॉरेक्स कार्डावर २०० डॉलर आहेत. पंपानं १७५ चा होल्ड लावला. पेट्रोल भरलं ४२ डॉलरचं. नियमानं ४२ ची खरी रक्कम पोचली की उरलेले १३३ मोकळे व्हायला हवेत, आणि बऱ्याच कार्डांवर ते लवकर होतातही. पण पंपाकडून रक्कम उशिरा पोचली किंवा बँकेला जुना होल्ड आणि नवी रक्कम जुळवता आली नाही, तर काही दिवस कार्डावर फक्त २५ डॉलर वापरता येतात. परक्या देशात, पुढच्या दुकानात कार्ड नाकारलं जातं तेव्हा माणूस घाबरतोच.

यावर उपाय सोपा आहे. पंपाला कार्ड लावायचं नाही. आत काउंटरवर जायचं, पंपाचा नंबर सांगायचा आणि ठरावीक रक्कम सांगायची, समजा ४० डॉलर. मग व्यवहार ४० चाच होतो. फॉरेक्स किंवा डेबिट कार्ड असेल तर हेच करा.

होल्ड अडकला तर बँक लगेच का सोडत नाही?

काकांनी कस्टमर केअरला फोन केला तेव्हा पलीकडून एकच वाक्य आलं, "मर्चंटशी बोला." ऐकायला टोलवाटोलवी वाटते, पण त्यामागे कारण आहे. मंजुरी क्रमांक देताना तुमच्या बँकेनं हॉटेलला एक प्रकारे शब्द दिलेला असतो की ही रक्कम राखून ठेवली आहे. हॉटेल उद्याही ती वसूल करू शकतं. हॉटेलनं 'आम्हाला नको' असं कळवल्याशिवाय बँक तो शब्द मोडायला कचरते.

म्हणून पहिला फोन हॉटेललाच करायचा. त्यांना प्री-ऑथ रद्द करायला सांगायचं. मशीनवरून होत नसेल तर त्यांनी ईमेल द्यावा की अमुक तारखेचं, अमुक रकमेचं, अमुक मंजुरी क्रमांकाचं आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे हे असलेलं प्री-ऑथ आम्ही सोडत आहोत. हा ईमेल आणि दोन्ही पावत्या घेऊन बँकेत गेलं की काम पुढं सरकतं. काका पावत्या घेऊन बँकेत गेले होते, पण हॉटेलचं पत्र नव्हतं, म्हणून त्यांना हात हलवत परत यावं लागलं.

कुणी काहीच केलं नाही तरी होल्ड कायमचा राहत नाही. तो किती दिवस टिकतो हे नेटवर्क, व्यवहाराचा प्रकार आणि बँक यांवर ठरतं. मास्टरकार्डच्या नियमात नेहमीच्या अंतिम मंजुरीची मुदत ७ दिवस आहे, तर प्री-ऑथची ३० दिवस. काकांचा नऊ दिवसांत निघाला म्हणजे तो लवकरच निघाला म्हणायचा.

होल्ड असताना 'मी हा व्यवहार केलाच नाही, पैसे परत द्या' असा वादाचा अर्ज भरून उपयोग नसतो. वसूलच न झालेली रक्कम परत कशी देणार? पण तोच होल्ड पुढे खरोखर वसूल झाला, म्हणजे १०,००० आणि ७,८६० दोन्ही खात्यातून गेले, तर मात्र तो दुहेरी आकारणीचा प्रकार आहे. मग लगेच बँकेकडे लेखी तक्रार करायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

आणि एक सावधगिरी. हॉटेलचा नंबर इंटरनेटवर शोधू नका, बिलावरचाच वापरा. होल्ड सोडवायला तुमचा पिन, ओटीपी किंवा मोबाईलमध्ये कुठलं अॅप टाकणं यातलं काहीही लागत नाही. तसं कुणी मागितलं तर तो हॉटेलचा माणूस नाही.

यूपीआयमध्ये हे येतंय म्हणजे काय?

शाहूपुरीत स्टेशन आणि स्टँडच्या आसपास लॉजच लॉज आहेत. अंबाबाईच्या दर्शनाला येणारी माणसं इथंच उतरतात. इथल्या छोट्या लॉजमध्ये प्री-ऑथ वगैरे भानगड कमीच. आधार कार्ड द्या, अॅडव्हान्स यूपीआय करा, चावी घ्या. हा अॅडव्हान्स होल्ड नाही. क्यूआर कोड स्कॅन करून पाठवलेले पैसे खरोखर तुमच्या खात्यातून गेले आणि मालकाच्या खात्यात पोचले. जास्तीचे परत हवे असतील तर त्यानं पुन्हा तुम्हाला पाठवायचे. तो विसरला तर ते आपोआप परत येणार नाहीत. म्हणजे इथे १,००० रुपये जास्त गेले असतील तर ते 'अडकलेत' असं म्हणून वाट बघत बसायचं नाही, तिथंच मागून घ्यायचे.

पण हे बदलू शकतं. डिसेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं पतधोरण जाहीर करताना यूपीआयमध्ये एक सोय आणायचं ठरवलं. ग्राहकानं एखाद्या व्यापाऱ्यासाठी खात्यातली रक्कम एकदाच ब्लॉक करून ठेवायची आणि त्यातून गरजेप्रमाणे एकापेक्षा जास्त वेळा पैसे वळते व्हायचे. याची उदाहरणं देताना रिझर्व्ह बँकेनं शेअर खरेदीसोबत हॉटेल बुकिंगचाही उल्लेख केला होता. शेअर बाजारात असा यूपीआय ब्लॉक सुरूही झाला आहे.

उद्या ही पद्धत हॉटेलांपर्यंत आली, तर काकांसारखा ज्याच्याकडे क्रेडिट कार्ड नाही त्याची सोय होईल, कारण अॅडव्हान्स म्हणून पैसे हातातून जाणार नाहीत. पण यूपीआय थेट बचत खात्याला जोडलेलं असतं. म्हणजे ब्लॉक तिथेच लागणार, आणि ७ तारखेचा हप्ताही तिथूनच जाणार. त्यामुळे असा ब्लॉक मंजूर करताना रक्कम आणि शेवटची तारीख या दोन गोष्टी वाचल्याशिवाय पिन टाकायचा नाही.

तर पुढच्या वेळी हॉटेलात काय बोलायचं?

आत शिरताना विचारा, "हे प्री-ऑथ आहे की सेल? किती रकमेचं?" पावती घ्या आणि पाकिटात ठेवा.

निघताना कार्ड परत मागितलं तर लगेच देऊ नका. आधी सांगा, "सुरुवातीच्या प्री-ऑथवरच कम्प्लिशन करा." त्यासाठी त्यांना त्या पावतीवरचा मंजुरी क्रमांक लागतो, म्हणून ती जपायची. बिल रोख किंवा यूपीआयनं भरणार असाल तर म्हणा, "जुनं प्री-ऑथ व्हॉइड करा आणि त्याची पावती द्या."

आणि त्या आठवड्यात खात्यातून एखादा हप्ता जाणार असेल तर डेबिट कार्डावर होल्ड लावू देऊ नका, किंवा तेवढी रक्कम सोडून हप्त्याचे पैसे वेगळे शिल्लक आहेत का ते बघा.

काका परवा पुन्हा बंगळुरूला जाऊन आले. या वेळी रिसेप्शनवरच्या मुलानं निघताना कार्ड मागितलं, तेव्हा त्यांनी पाकिटातून जुनी पावती काढून पुढं ठेवली. मुलानं मॅनेजरला बोलावलं, मॅनेजरनं मशीनमध्ये मंजुरी क्रमांक टाकला, आणि पाच मिनिटांत COMPLETION ची पावती बाहेर आली. पिनसुद्धा टाकावा लागला नाही, असं काका सांगत होते. दुकानात ड्रॉवरमध्ये ती पावती त्यांनी हप्त्याच्या पुस्तकात जपून ठेवली आहे.